पहिलं बाळ सुखरूप, तरी इंजेक्शन हवंच

(कडेगाव येथील मंडळीसमोर दिलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या हंगामात आपल्या तालुक्यात आलेल्या टोळीतल्या एका गरोदर बाईची नाव नोंदवायला मी तिच्यासोबत गेलो होतो. कार्डावर रक्तगट लिहिला गेला, बी निगेटिव्ह. मी तो वाचला आणि पुढे गेलो. तिचं पहिलं मूल घरीच झालेलं आणि धडधाकट होतं. त्यानंतर चौथ्या महिन्यात एकदा गर्भ पडला होता, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हे बाळ जन्मलं आणि त्याच संध्याकाळी त्याचे डोळे पिवळे दिसू लागले. साधी कावीळ सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ धोक्याची समजायची. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं, पण तेवढ्याने भागलं नाही, त्याचं रक्त बदलावं लागलं. बाळ वाचलं, पण त्याला आज कमी ऐकू येतं.

असं का झालं? पॉझिटिव्ह माणसाच्या लाल पेशींवर 'डी' नावाचं एक प्रथिन असतं, निगेटिव्ह माणसाच्या पेशींवर ते नसतं. बाळंतपणात किंवा गर्भ पडताना पॉझिटिव्ह बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. याला काही आठवडे लागतात, तोवर ते बाळ जन्मलेलं असतं. म्हणून पहिलं बाळ बहुधा सुटतं. पण शरीर ही ओळख विसरत नाही. पुढच्या खेपेला प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात.

आता धोका कुणाला, ते पाहू. प्रत्येकाकडे या गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक जरी 'डी'ची असली तरी माणूस पॉझिटिव्ह. निगेटिव्ह माणसाच्या दोन्ही चिठ्ठ्या कोऱ्या असतात. आई पॉझिटिव्ह असेल किंवा आईवडील दोघेही निगेटिव्ह असतील, तर ही भीती नाही. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह, एवढ्याच जोडीत धोका आहे.

आमच्या या बाळाला निगेटिव्ह रक्त हवं होतं, कारण पॉझिटिव्ह रक्त दिलं असतं तर अंगात उरलेल्या प्रतिपिंडांनी तेही फोडलं असतं. म्हणून नातेवाइकांची तपासणी झाली. बाळाचा बाप ओ पॉझिटिव्ह, पण त्याची आई ओ निगेटिव्ह निघाली. म्हणजे आईकडून त्याला कोरीच चिठ्ठी मिळाली होती. त्याच्याकडे एक 'डी'ची आणि एक कोरी. त्यामुळे त्याचं प्रत्येक मूल पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. त्याच्या दोन्ही चिठ्ठ्या 'डी'च्या असत्या, तर प्रत्येक मूल पॉझिटिव्हच झालं असतं. दोघेही पॉझिटिव्ह असलेल्या आईवडिलांच्या पोटी निगेटिव्ह मुलगी येऊ शकते, तीही याच कारणाने. त्यावरून कुणी सुनेवर संशय घेऊ नये.

हे टाळणारं अँटी-डी इंजेक्शन 1968 पासून वापरात आहे. ते बाळाला नाही, आईला देतात. त्यात तयार प्रतिपिंडं असतात. आईच्या शरीराला बाळाच्या पेशींची ओळख पटण्याआधीच ती त्या पेशी काढून टाकतात. 300 मायक्रोग्रॅमचा एक डोस बाळाच्या साधारण 30 मिली रक्ताला पुरतो. बाळ पॉझिटिव्ह असेल तर जन्मानंतर 72 तासांच्या आत इंजेक्शन द्यायचं. ती वेळ चुकली तरी दहा दिवसांपर्यंत थोडा उपयोग होऊ शकतो, म्हणून 'उशीर झाला' म्हणत घरी बसू नये. गरोदरपणात 28 व्या आठवड्यालाही एक डोस देतात. गर्भ पडला, पाडला किंवा पोटाला जोराचा मार लागला, तरीही डॉक्टरांना लगेच विचारायचं.

मात्र प्रतिपिंडं एकदा तयार झाली की हे इंजेक्शन ती पुसू शकत नाही. म्हणून आधी आईच्या रक्ताची आयसीटी तपासणी करतात. ती पॉझिटिव्ह आली, तर इंजेक्शन नाही. मग त्या गरोदरपणावर मोठ्या दवाखान्यातच बारीक लक्ष ठेवावं लागतं.

आमच्या त्या बाईच्या बाबतीत दोन संधी हुकल्या होत्या, पहिलं बाळंतपण आणि तो गर्भपात. निदान तिसऱ्या खेपेला आयसीटी झाली असती, तर धोका जन्माआधीच कळला असता आणि मोठ्या दवाखान्यात तयारी झाली असती.

आता मी टोळीवर गेलो की कार्डावरच्या रक्तगटाशी थांबतो. निगेटिव्ह दिसला की तीन गोष्टी विचारतो. नवऱ्याचा गट कोणता? आयसीटी झाली का? आणि, हे आमच्या सेविकेने एकांतात, हळू आवाजात विचारायचं, बाई, याआधी कधी पोट राहून गेलं होतं का?