कामठीचा माणूस आणि दोन दलं



आपल्या परभणी जिल्ह्याला ना समुद्र, ना परदेशाची सीमा. तरी जिंतूर, गंगाखेड, पाथरीकडच्या गावांत गेलं की ‘पोरगा मिलिटरीत आहे’ असं सांगणारी घरं भेटतात. थोडं खोलात विचारलं तर कळतं की एकाचा मुलगा सैन्यात आहे, दुसऱ्याचा बीएसएफमध्ये, तिसऱ्याचा तटरक्षक दलात. गावाच्या लेखी तिघंही मिलिटरीतच. तिघांबद्दल सारखाच आदर आहे आणि तो असावाच. पण तिघांना हुकूम देणारे वेगळे, तिघांवर चालणारे कायदे वेगळे आणि नोकरी संपल्यावर हाती येणारे हक्कही वेगळे. हे असं का झालं, ते मला आज सांगायचं आहे.

त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या एका माणसाकडे जावं लागतं. खुसरो फरामुर्झ रुस्तमजी. जन्म १९१६ चा, नागपूरजवळच्या कामठीचा. शिक्षण नागपूरला झालं आणि १९३८ मध्ये ते पोलीस सेवेत गेले. काही वर्षं पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे होती, पुढे ते मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख झाले. सीमा सुरक्षा दल, म्हणजे बीएसएफ, त्यांनी उभारलं. तटरक्षक दल स्थापन करण्याची शिफारसही त्यांच्याच समितीची. पण एक दल गृह मंत्रालयाकडे गेलं आणि दुसरं संरक्षण मंत्रालयाकडे. एकाच माणसाच्या हातून हे दोन वेगळे निर्णय का झाले, हे समजलं की बाकीचं पुष्कळ उलगडतं.

१९६५ पर्यंत पाकिस्तानलगतची सीमा त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळत. पंजाबचे पंजाबात, राजस्थानचे राजस्थानात. प्रत्येकाची शस्त्रं वेगळी, शिस्त वेगळी, वरिष्ठ वेगळे. ९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणात सरदार चौकी, छाड बेट आणि बेरिया बेट या ठिकाणी पाकिस्तानी सैन्याने हल्ला चढवला. समोर आपलं सैन्य नव्हतं, पोलीस होते. सरदार चौकीवर सीआरपीएफची छोटी तुकडी शर्थीने लढली. पण नियमित सैन्याला पोलीस किती काळ थोपवणार, हा प्रश्न त्या दिवशी दिल्लीपुढे उभा राहिला.

सोपं उत्तर असं दिसतं की मग सीमेवर सैन्यच बसवा. ते दिलं गेलं नाही आणि माझ्या मते ते योग्यच झालं. शांततेच्या काळात आंतरराष्ट्रीय सीमेवर रणगाडे आणि पलटणी उभ्या केल्या की समोरचाही तेच करतो आणि सीमेवरच्या लहानशा कुरबुरीची लढाई होऊ शकते. शिवाय सैन्य रोजच्या पहाऱ्यात अडकलं की लढाईच्या सरावाला वेळ उरत नाही. तेव्हा सीमेसाठी केंद्राचं एकच दल करायचं, शस्त्रं बऱ्यापैकी जड द्यायची, पण त्याचा पिंड पोलिसाचा ठेवायचा, असं ठरलं. १ डिसेंबर १९६५ रोजी बीएसएफ स्थापन झालं आणि रुस्तमजी त्याचे पहिले प्रमुख झाले. दलाचा स्वतंत्र कायदा १९६८ मध्ये झाला.

पोलिसाचा पिंड म्हणजे काय, ते बांगलादेशाच्या सीमेवर नीट दिसतं. तिथे दोन्ही देशांनी १९७५ मध्ये ठरवलं की शून्य रेषेपासून १५० यार्डांच्या आत कोणीही संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही. म्हणून आपलं काटेरी कुंपण सीमारेषेवर नाही, बऱ्याच ठिकाणी दीडशे यार्ड अलीकडे आहे. मधल्या पट्ट्यात आपल्याच शेतकऱ्यांची जमीन राहते, काही ठिकाणी घरंही. त्या शेतकऱ्याला रोज सकाळी कुंपणाच्या फाटकावर ओळखपत्र दाखवून, नोंद करून शेतात जावं लागतं आणि ठरलेल्या वेळेत परतावं लागतं. ते फाटक उघडणारा आणि बंद करणारा जवान बीएसएफचा असतो. सोयाबीनची काढणी आणि पाऊस एकाच दिवशी आला तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे फाटक वेळेवर उघडणं हाच देशाच्या सुरक्षेचा मोठा भाग असतो, कारण सीमेवरचा शेतकरी बिथरला की खबर देणारं कोणी उरत नाही.

आता रात्री त्याच कुंपणाजवळ एक माणूस गाठोडं घेऊन सापडला असं धरा. जवान त्याला हटकतो, पकडतो, झडती घेतो. हा अधिकार त्याला आहे, कारण बीएसएफ कायद्याच्या कलम १३९ नुसार केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या पट्ट्यात आणि ठरावीक कायद्यांखाली त्याला झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार दिलेले आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसामात हा पट्टा १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटर केला, तेव्हा राज्यांशी मोठा वाद झाला. पण पुढची पायरी महत्त्वाची आहे. जप्तीचा कागद झाला की तो माणूस स्थानिक पोलिसांच्या आणि माल बहुधा सीमाशुल्क खात्याच्या हवाली करावा लागतो. गुन्हा नोंदवणं, तपास करणं, खटला चालवणं हे बीएसएफचं काम नाही. तो माणूस चुकून आलेला असेल तर दोन्ही बाजूंचे अधिकारी सीमेवर ध्वज बैठक घेतात आणि त्याला परत पाठवतात.

सैन्याच्या जवानाला असा अधिकार एरवी नसतोच. दंगलीत सैन्य बोलवायचं तर दंडाधिकाऱ्याची मागणी लागते. अशांत घोषित केलेल्या भागात विशेष कायदा लागू असेल तर गोष्ट वेगळी. सैन्याचं काम शत्रूचं सैन्य हरवणं. बीएसएफचं काम सीमा रोज कायद्याने चालवणं. म्हणून सैन्याच्या पलटणीचा हुकूम कर्नलकडून वर लष्करप्रमुखांपर्यंत आणि संरक्षण मंत्रालयापर्यंत जातो. बीएसएफच्या बटालियनचा हुकूम कमांडंटकडून महासंचालकांपर्यंत आणि पुढे गृह मंत्रालयापर्यंत. महासंचालक आयपीएस अधिकारी असतात. दलातच आयुष्य घालवलेल्या अधिकाऱ्यांना ही गोष्ट खटकते, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

या दोन साखळ्या काही ठिकाणी जोडाव्या लागतात. काश्मीरमधली नियंत्रण रेषा ही ठरलेली आंतरराष्ट्रीय सीमा नाही, ती लढाईनंतर आखलेली रेषा आहे. तिथे बीएसएफच्या तुकड्या सैन्याच्या हुकमाखाली असतात. युद्ध पेटलं तर इतर सीमांवरही तसंच होतं. १९७१ मध्ये झालं. म्यानमारच्या सीमेवर आसाम रायफल्स आहे. तिचा खर्च आणि प्रशासन गृह मंत्रालयाकडे, कारवाईचा हुकूम मात्र सैन्याचा आणि प्रमुखही सैन्याचा लेफ्टनंट जनरल. चीनच्या सीमेवर आयटीबीपी गृह मंत्रालयाखाली आणि तिच्या शेजारी सैन्य संरक्षण मंत्रालयाखाली. एकाच डोंगरावर दोन साखळ्या. आयटीबीपी आपल्या हुकमाखाली द्यावी असं सैन्य वर्षानुवर्षं म्हणतं आहे आणि गृह मंत्रालय ते मान्य करत नाही.

आता समुद्राकडे येतो. सत्तरच्या दशकात मुंबईच्या किनाऱ्यावर सोनं, घड्याळं, कापड यांची तस्करी जोरात होती. १९७४ मध्ये मुंबईसमोरच्या समुद्रात तेल सापडलं. पुढे १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर देशाचा हक्क आला. एवढ्या पाण्यावर तस्कर, परकी मासेमार आणि तेलगळती यांच्यामागे लढाऊ जहाजं फिरवणं नौदलाला परवडणारं नव्हतं. १९७४ मध्ये सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष रुस्तमजी. पुढच्याच वर्षी तिने नवं दल सुचवलं, आणि आयुष्य पोलीस खात्यात काढलेल्या माणसाच्या समितीने ते दल संरक्षण मंत्रालयाखाली असावं असा सल्ला दिला. तेव्हाचे मंत्रिमंडळ सचिव गृह मंत्रालयाच्या बाजूचे होते. इंदिरा गांधींनी समितीचा सल्ला मानला. १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाकडून मिळालेल्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौकांवर काम सुरू झालं. १९७८ मध्ये कायदा झाला.

या निर्णयामागचं कारण मला असं दिसतं. जमिनीवरच्या सीमेला गाव असतं, ठाणं असतं, शेत असतं; तिथला प्रश्न नागरिकांचा आहे. खोल समुद्रात गाव नाही. तिथे जहाज लागतं, गोदी लागते, दर्यावर्दी प्रशिक्षण लागतं, आणि हे सगळं नौदलाकडे आधीच होतं. तरी तटरक्षक दल नौदलाचा भाग नाही. शांततेत त्याचा महासंचालक थेट संरक्षण मंत्रालयाला जबाबदार असतो, युद्धात दल नौदलाच्या हुकमाखाली जातं. काम मात्र पोलिसाचंच: बोट अडवणं, कागद पाहणं, पकडलेल्यांना बंदरावरच्या पोलिसांच्या किंवा सीमाशुल्कच्या हवाली करणं, आणि बुडणाऱ्या मच्छीमाराला वाचवणं.

या रचनेतली फट नोव्हेंबर २००८ मध्ये उघडी पडली. कराचीहून निघालेल्या दहा अतिरेक्यांनी समुद्रात ‘कुबेर’ ही भारतीय मच्छीमार नौका ताब्यात घेतली आणि २६ तारखेच्या रात्री रबरी होडीतून ते मुंबईत कफ परेडच्या कोळीवाड्याजवळ उतरले. ‘कुबेर’ आपली नोंदणीकृत नौका होती, म्हणून हजारो मासेमारी नौकांत ती वेगळी दिसली नाही. खोल समुद्रात नौदल, त्याअलीकडे तटरक्षक, किनाऱ्याशी सागरी पोलीस आणि सीमाशुल्क. प्रत्येकाकडे एक पट्टा होता, संपूर्ण किनाऱ्याचा जाब मात्र एकाकडे नव्हता. फेब्रुवारी २००९ मध्ये तो ठरवला गेला. सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाला मिळाली. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या सुरक्षेचा समन्वय तटरक्षक दलाकडे आला, सागरी पोलिसांच्या गस्तीचा पट्टा धरून. मुंबईसह चार ठिकाणी संयुक्त केंद्रं झाली. हे आधी व्हायला हवं होतं. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडीला स्फोटकं उतरली तेव्हाच इशारा मिळाला होता.

शेवटी आपल्या घरांचं बोलतो. शेजारच्या लातूर जिल्ह्यात चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि आपल्याकडची मुलं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. पालकहो, मुलगा कोणता अर्ज भरतो आहे ते नीट बघा. बीएसएफचा शिपाई कर्मचारी निवड आयोगातून घेतला जातो, तटरक्षक दल स्वतःची भरती स्वतः करतं, सैन्यात आता जवानाची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. १ जानेवारी २००४ नंतर बीएसएफमध्ये लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. त्यावर न्यायालयात झगडा चालू आहे. आणि बीएसएफमधून निवृत्त झालेला माणूस सरकारी व्याख्येत माजी सैनिक ठरत नाही. त्यामुळे सैनिक कल्याण कार्यालयातल्या माजी सैनिकांच्या योजना त्याला मिळत नाहीत. कुंपणाच्या फाटकावर वीस-पंचवीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्या जिल्ह्यात कोणत्या कार्यालयात जायचं ते सांगणारं कोणी असावं, एवढी सोय जिल्हा प्रशासनाने करावी आणि ती आपण सर्वांनी मागावी, अशी माझी विनंती आहे.