पुडीवर नाव लिहा
(शेतकरी मेळाव्याच्या शेवटी केलेलं आभाराचं भाषण)



आभार मानायचं काम माझ्याकडे दिलंय. बी आणलेल्यांची नावं मघाशी वाचून झाली, यादी शाळेच्या भिंतीवर लावलीय, म्हणून परत वाचत नाही. लांबच्यांना अजून डोंगर चढायचाय. पण आभार कशाचे ते सांगितल्याशिवाय काही मी बसणार नाही.

पहिले आभार आपल्या पोरापोरींचे. मेळावा दोन दिवसांचा दिसला, पण त्यांचं काम दहा दिवस आधी सुरू झालं. घरोघर फिरून त्यांनी मूठ-मूठ बी गोळा केलं. प्रत्येक बियातले न निवडता 100 दाणे मोजले, ओल्या गोणपाटाच्या पट्टीवर रांगेने मांडले, पट्टी गुंडाळली, वर चिठ्ठी बांधली आणि शाळेच्या पडवीत सावलीला ठेवली. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. पाणी ठिबकेल इतकं नाही, नुसती ओल राहील इतकंच. एक गुंडाळी कोंबडीने विस्कटली, ती त्यांनी पहिल्यापासून परत लावली. आठव्या दिवशी सोडून मोजलं. ज्याला मूळ पण आलं आणि कोंब पण आला तोच दाणा धरला. नुसता फुगलेला, बुरशी आलेला धरला नाही.

एकंदर 26 गुंडाळ्या होत्या. बहुतेक भात शंभरात 80 च्या वर रुजलं, नागली त्याहून बरी. तीन गुंडाळ्या मात्र 50 च्या खाली राहिल्या. त्यातली एक आमच्या घरची. 41.

हे मी मुद्दाम सांगते. दिवाळीत भात झोडलं तेव्हा बाबा म्हणाले, बियाचं अजून दोन दिवस उन्हात राहू दे. मी बारावी शिकलेली, मी म्हटलं, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं की सोंडे लागणार नाहीत. सोंडे लागले नाहीत, पण आतली ओल आतच राहिली आणि बी मेलं. वरून दाणा चांगला पिवळा दिसतो. दाताखाली धरला तर कट्ट वाजायला पाहिजे होता, तो तेव्हा दबत होता. मी बघितलंच नाही. कार्यकर्तीच्या घरचा आकडा म्हणून पोरांनी लपवला नाही, 41 भिंतीवर लिहिला, त्याबद्दल त्यांचे आभार. तेच बी आम्ही पेरलं असतं तर राब विरळ उगवला असता. आणि राब काही दोनदा भाजता येत नाही. पाऊस लागला की पाला भिजला, मग पट्ट्याची जमीन नावावर असून लावायला रोपच नाही. आता दोन घरांनी आम्हाला बी दिलंय, दिवाळीला पायलीमागे सव्वा पायली परत द्यायचं ठरलंय. त्या दोन्ही घरांचे आभार.

ज्यांचं बी 60 रुजलं त्यांनी घाबरू नका. 80 च्या बियाला तीन पायली लागत असतील तर 60 च्याला चार पायली टाका, रोपं तेवढीच येतील. पण 50 च्या खाली गेलं तर जास्त टाकून उपयोग नाही. जे उगवतं तेही अशक्त असतं. ते कुटून खा आणि पेरायला बदलून घ्या.

आता शास्त्रज्ञ पाहुण्यांचे आभार. त्यांनी भाताला मिठाचं पाणी दाखवलं. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, त्यात बी सोडायचं, तरंगतं ते पोचट काढून टाकायचं, बुडालेलं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. मी तिथेच विचारलं, आमचं भात तर सगळं बुडालं, मग रुजलं का नाही? सर हसले नाहीत. ते म्हणाले, मिठाचं पाणी दाणा भरलेला आहे का एवढंच सांगतं, जिवंत आहे का ते सांगत नाही. त्याला गोणपाटच पाहिजे. आपल्याच पद्धतीची मर्यादा सांगणारा माणूस मला आवडला.

आणि ज्यांचे आभार खरं तर सगळ्यात आधी मानायचे होते त्या बी राखणाऱ्या बाया. वरच्या पाड्यावरची आजी हळवी नागली घेऊन आली होती. आपले पट्टे बहुतेक वरकस, उताराचे. पाऊस लवकर गेला तर तिथे हळवी तेवढी हाताला लागते. सरांनी विचारलं, कणसं कशी निवडता? आजी म्हणाली, बांधाकडचं घेत नाही, ते खोटं मोठं असतं. त्याला ऊन जास्त, जागा जास्त, म्हणून फुगतं. दाटीत उभं राहून जे भरलं तेच घ्यायचं. मान काळी पडलेलं कणीस पण नाही घ्यायचं, पुढच्या वर्षी करपा घरात येतो. सर म्हणाले, आम्ही पण प्रयोगाच्या शेतात कडेच्या ओळी मोजत नाही, कारण हेच. आजीने विचारलं, मग तुम्हाला पगार कशाचा? तेव्हा मांडव हसला, सर पण हसले.

हसण्यानंतर जे झालं ते पत्रिकेत छापलं पाहिजे. पाहुण्यांनी नमुन्यासाठी बी मागितलं तेव्हा बायांनी पदर आवळले. मागे पण बी नेलं होतं, ते कुठे गेलं कुणाला माहीत नाही. पाहुण्यांना राग आला असेल तर माफी नाही मागत, समजून घ्या म्हणते. जंगलाच्या बाबतीत आपण एकदा न लिहिता दिलं आणि अजून पुरावे गोळा करतोय. तासभर बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: प्रत्येक पुडीवर बी देणारीचं नाव, पाड्याचं नाव आणि बियाचं आपल्या बोलीतलं नाव लिहायचं. तशीच दुसरी पुडी गावात ठेवायची. काय नेलं त्याची सही केलेली यादी ग्रामसभेला द्यायची. पाहुण्यांनी बसून स्वतःच्या हाताने पुड्या लिहिल्या, यादीवर सही केली. त्याबद्दल मनापासून आभार.

2001 चा बियाण्याचा कायदा पण त्यांनीच समजावला. आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, बदलायचा, विकायचा हक्क आपल्याला आहे. नोंदलेल्या वाणाचं बी कंपनीसारखं नाव-छाप लावून पिशवीबंद विकता येत नाही, एवढी अट आहे. गावातल्या वाणाची नोंद गावाच्या नावाने पण होऊ शकते. त्याचा अर्ज पुढच्या ग्रामसभेत वाचणार आहोत, बायांनी यायचंच.

भाकऱ्या भाजणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, मांडव घालणाऱ्या सगळ्यांचे आभार. शाळेच्या गुरुजींनी पडवी दिली, त्यांचे पण. उद्या सकाळी पडवी शेणाने सारवून द्यायची आहे, पाच जणी थांबा.

आपापलं उरलेलं बी टेबलावरून घेऊन जा. चिठ्ठी सुटली असेल तर अंदाजाने उचलू नका, आधी मला विचारा.

जिंदाबाद.