नऊचा ताळा



"रात्री हॉटेलात तू नेमकं करतेस काय?" असं मघापासून अनेकांनी विचारलं. मी रात्रपाळीची हिशेबनीस. रेस्टॉरंट बंद झालं की दिवसभराची विक्री आणि जमा यांचा मेळ घालायचा, मगच संगणकावर तारीख बदलते. आज एकाच रात्रीची गोष्ट सांगते.

त्या रात्री कार्डाने आलेली रक्कम रजिस्टरात 86,910 होती, मशीनची बेरीज मात्र 86,370. फरक 540 रुपयांचा. रक्कम लहान, पण मेळ लागला नाही तर ती रोखपाल मुलाच्या पगारातून कापली जाणार होती. तो घरी न जाता समोरच बसून राहिला.

आधी रजिस्टरची बेरीज वरून खाली आणि खालून वर केली. तीच आली. मग 540 ची एखादी पावती मशीनवर राहून गेली का, ते पाहिलं. तशी नोंदच नव्हती. मग निम्मी रक्कम, 270. एवढा परतावा वजा करण्याऐवजी मिळवला गेला, तरी 540 चाच फरक पडतो. तेही नव्हतं.

मग शाळेतला नऊचा ताळा आठवला. पाच अधिक चार अधिक शून्य, नऊ! म्हणजे फरकाला नऊने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले, तर फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. 82 आणि 28 घ्या: फरक 54, म्हणजे आठ वजा दोन गुणिले नऊ.

540 भागिले नऊ, साठ. त्यातलं शून्य सांगतं की अदलाबदल दशक आणि शतक स्थानी आहे, आणि सहा सांगतो की त्या अंकांत सहाचा फरक आहे. शिवाय रजिस्टरची रक्कम जास्त, म्हणजे तिथे मोठा अंक शतकस्थानी असणार. एक्केचाळीस नोंदींपैकी अशा फक्त तीन निघाल्या. तिसरी होती 4,820. पावती काढली, तर 4,280! बिलही तेवढ्याचंच. मी पावती त्या मुलापुढे ठेवली. तो काही बोलला नाही, डबा उचलून घरी गेला.

नऊने भाग गेला म्हणजे अंक उलटलेच, असं मात्र नाही. 60 चे 600 लिहिले तरी फरक 540 च येतो. दोन वेगळ्या चुका एकत्र झाल्या, तर हा ताळा दिशाभूलही करतो. आणि उलटी रक्कम मशीनवरच टाकली गेली व तीच रजिस्टरात उतरली, तर दोन्ही बेरजा मुकाट जुळतात. गिऱ्हाइकाचे 540 रुपये जास्त गेलेले असतात आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. ती चूक फक्त मूळ बिल शेजारी ठेवल्यावरच सापडते. म्हणून बेरीज जुळली, तरी मी बिलांचा गठ्ठा उघडतेच.