आधी खुली यादी, मग राखीव

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई भरतीची निवड यादी घेऊन आल्या. त्यांची मुलगी ओबीसी, पण तिचं नाव खुल्या यादीत. "आमची जातीची जागा गेली का हो?" असं त्या काळजीनं विचारत होत्या. आम्ही तिथंच वहीवर उदाहरण मांडलं.

समजा, पाच जागा आहेत. तीन खुल्या, एक ओबीसी, एक एससी. गुणवत्ता यादी अशी: पहिला खुल्या प्रवर्गातला, 92 गुण. दुसरी ओबीसी मुलगी, 90. तिसरा आणि चौथा खुल्या प्रवर्गातले, 88 आणि 85. पाचवा एससी, 80. सहावा ओबीसी, 78.

नियम असा की खुली यादी आधी भरायची. खुली म्हणजे सगळ्यांची, तिथं जात बघायची नाही. म्हणून 92, 90 आणि 88 गुणांचे तिघं खुल्या जागांवर बसतात. मग एससीची जागा 80 वाल्याला आणि ओबीसीची 78 वाल्याला.

आता उलटं करून बघू. राखीव जागा आधी भरल्या, तर 90 गुणांची मुलगी ओबीसीच्या जागेवर जाते. खुल्या जागा 92, 88 आणि 85 ला मिळतात आणि 78 वाला बाहेर राहतो. मुलीनं जागा गुणांवर कमावली, तरी ती समाजाच्या वाट्यातून वजा झाली. 85 वाल्याला वाईट वाटणारच, पण खुल्या तीन जागांवर त्याच्यापेक्षा जास्त गुणांचे तिघं होतेच ना!

महिलांच्या राखीव जागेचा हिशोब वेगळा, त्याला समांतर आरक्षण म्हणतात. तीन खुल्या जागांपैकी एक महिलेची असेल, तर आपली 90 वाली तिथं आहेच, म्हणजे ती भरली. तिघंही पुरुष असते, तर शेवटच्या पुरुषाच्या जागी यादीतली पुढची महिला घ्यायची, कुठल्याही जातीची. उत्तर प्रदेशातल्या पोलीस भरतीत ओबीसी महिलांना खुल्या महिला जागांवर घेतलं नव्हतं. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते चुकीचं ठरवलं.

यादी हाती आली की खुल्या यादीतल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण बघा, महिला जागा असेल तर शेवटच्या महिलेचे. राखीव यादीत त्याहून जास्त गुणांचं कुणी दिसलं, तर कारण विचारा. वयाची सवलत घेतलेली असली तर त्या भरतीचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून जाहिरात जपून ठेवा. हरकत लेखी द्या, आणि अंतिम यादी लागायच्या आत.

त्या ताईंच्या मुलीची जागा गेली नव्हती. तिच्यामुळं ओबीसीची जागा आणखी एकाला मिळाली.