तारखेला दुखणारं पोट



चंद्रपूर आणि गडचिरोलीत काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी मला अध्यक्षपद दिलं. अध्यक्षीय भाषणाचा हा वेळ मी एकाच मुलीसाठी वापरणार आहे. तिचं नाव, गाव, तालुका सांगणार नाही.

मुलगी 14 वर्षांची, आश्रमशाळेत आठवीत. 24 डिसेंबरला रात्री तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं, कारण सकाळपासून लघवी झाली नव्हती. पोट तडस लागून टणक झालेलं. सोबत आलेल्या अधीक्षिकाबाई गप्प होत्या. आश्रमशाळेतल्या मुलीचं पोट वाढलेलं दिसलं की मोठ्यांच्या मनात पहिली शंका कोणती येते, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. गरोदरपणाची तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली.

नर्सताईंनी लघवीची नळी टाकायला घेतली आणि हात थांबवून डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, इथे काहीतरी निळं फुगलेलं दिसतंय." निदान त्या क्षणी झालं. मी दुसऱ्या दिवशी पाहिलं ते फक्त पक्कं करण्यासाठी.

नळीतून जवळजवळ 900 मिली लघवी निघाली. पोट हलकं झालं, पण ओटीपोटातला गोळा राहिलाच. मूत्राशय रिकामं झाल्यावरही गोळा हाताला लागतो, तेव्हा तो लघवीचा नसतो. तिला खोकायला सांगितलं, तसा तो निळसर पडदा आणखी पुढे आला. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत योनिमार्ग रक्ताने तट्ट फुगलेला आणि त्याच्या टोकावर गर्भाशय टोपीसारखं बसलेलं दिसलं. योनिपटलाला जन्मतःच छिद्र नव्हतं. पाळी सुरू झाली होती, पण बाहेर यायला वाट नव्हती. रक्त साचून योनिमार्ग फुगला आणि त्याने पुढचा मूत्रमार्ग दाबला, म्हणून लघवी अडली.

हा दोष हजार-दोन हजार मुलींत एखादीला असतो. म्हणजे एका मोठ्या तालुक्यात अशा काही मुली असणारच. त्या कुठे जातात?

ही मुलगी कुठे कुठे जाऊन आली, ते मी शाळेच्या आजारी मुलींच्या रजिस्टरमध्ये शोधलं. 9 जुलै, पोटदुखी, जंताची गोळी. 6 ऑगस्ट, पोटदुखी, सायक्लोपाम. 4 सप्टेंबर, 1 ऑक्टोबर, पुन्हा तेच. दिवाळीत ती घरी होती, तेव्हाही दुखलं. 27 नोव्हेंबरला अपेंडिक्सची शंका लिहिली होती. प्रत्येक नोंद वेगळ्या पानावर, वेगळ्या अक्षरात. त्या तारखा मी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या. दोन दुखण्यांमध्ये 27, 28 किंवा 29 दिवस. जंत असं कॅलेंडर पाळत नाहीत.

मध्ये एकदा दुखणं सिकलसेलच्या खात्यावरही टाकलं गेलं. आपल्या भागात ते साहजिक आहे, पण मुलगी केवळ वाहक होती. वाहक मुलीला दर महिन्याला, दोन-तीन दिवस, ठरल्यासारखं पोट दुखत नाही. सिकलचं कार्ड हातात आलं की आपण पुढचा विचार थांबवतो. माझंही पूर्वी असं झालेलं आहे.

आईला मी विचारलं, "मुलगी शहाणी झाली का?" ती माडिया बोलते. नर्सताईंनी तिचं उत्तर मराठीत सांगितलं: मुलगी अजून कुर्माघरात बसली नाही, म्हणजे लहानच आहे. या उत्तरात सगळं प्रकरण आहे. कुर्माघर असलेल्या गावात मुलीची पाळी म्हणजे तिचं त्या झोपडीत जाऊन बसणं. रक्त दिसलं नाही तर बसणं नाही, बसणं नाही तर पाळी नाही. घर असं मोजतं आणि आपण दवाखान्यात बसूनही तसंच मोजतो. केसपेपरवर "पाळी सुरू नाही" लिहिलं की स्त्रीरोगाचा प्रश्न मिटतो. पण मुलीची छाती भरलेली होती, काखेत केस होते. शरीर वयात येऊन वर्षं उलटली होती. म्हणून प्रश्न बदलायला हवा. "पाळी येते का?" एवढ्यावर थांबू नका. "मागच्या महिन्यात कोणत्या तारखेला दुखलं?" हे विचारा.

आणि मग बघा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. इतक्या वर्षांनंतरही लग्न न झालेल्या मुलीच्या बाबतीत आपण बघायचं टाळतो. इथे आतून तपासणी करायचीच नाही. मुलीला समजावून, तिची परवानगी घेऊन, आईला जवळ बसवून, उजेडात बाहेरून फक्त पाहायचं. अर्धं मिनिट पुरतं.

एक सावधगिरी मात्र सांगते. फुगवटा निळसर आणि पातळ नसेल, गुलाबी, जाड किंवा आत खोलवर असेल, तर तिथे थांबा. तो योनिमार्गातला आडवा पडदा असू शकतो किंवा खालचा योनिमार्गच तयार झालेला नसेल. ती शस्त्रक्रिया वेगळी आहे. त्या मुलीचं एमआरआय व्हायला हवं आणि तिला मोठ्या केंद्रात पाठवायला हवं.

आमच्या मुलीची शस्त्रक्रिया भूल देऊन झाली, जेमतेम 15 मिनिटांची. नळी मूत्रमार्गात ठेवली, म्हणजे तो नेमका कुठे आहे ते कळत राहतं. पडद्यावर तिरकी फुली मारून छेद घेतला. काकवीसारखं घट्ट, काळपट रक्त आपोआप वाहू दिलं, सुमारे अर्धा लिटर. वरून पोट दाबलं नाही, कारण दाबलं की रक्त नळ्यांमधून उलटं पोटात जातं. आत पाणीही सोडलं नाही. मग चारही कोपरे थोडे कापून कडांना विरघळणारे टाके घातले. टाके घातले नाहीत तर कडा पुन्हा चिकटतात आणि तेच दुखणं परत येतं.

ओपीडीत सुई टोचून "थोडं काढून बघू" असं कोणी करू नका. मी अशी एक मुलगी पाहिली आहे. सुईच्या छिद्रातून रक्त पुरतं निघालं नाही, जंतू मात्र आत गेले. चौथ्या दिवशी ती तापाने फणफणत आली आणि रक्ताच्या जागी पू होता. पडदा उघडायचा तर पूर्ण उघडायचा, आणि थिएटरमध्येच.

घरी जाताना आईने नर्सताईंच्या कानात काही विचारलं. लग्नाच्या वेळी कोणी बोट दाखवेल का? मी डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहिलं की हा जन्मजात दोष होता आणि शस्त्रक्रिया करून रक्ताला वाट दिली आहे. पुढे मूल व्हायला यामुळे सहसा अडचण येत नाही, हे तोंडी सांगितलं. मात्र रक्त बरेच महिने उलटं जात राहिलं असेल, तर एंडोमेट्रिऑसिस होऊन पुढेही पाळीत फार दुखू शकतं. तसं झालं तर लगेच या, हेही सांगितलं. उशीर झालेल्या प्रत्येक महिन्याचा हिशेब तिथे लागतो.

सहा आठवड्यांनी ती परत आली. सोनोग्राफीत गर्भाशय नेहमीच्या आकाराचं होतं. मधल्या काळात पाळी येऊन गेली होती, पोट थोडंच दुखलं होतं. मुलगी सुट्टीत गावी असतानाच पाळी आली, म्हणून ती पहिल्यांदा कुर्माघरात बसली. थंडी होती का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "होती." आईने मात्र गावभर सांगितलं होतं की पोर बसली, आणि मला ते सांगताना ती हसत होती.

त्या नर्सताई आज समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या केंद्रात मुलींच्या पोटदुखीच्या नोंदीसमोर आता मागच्या दुखण्याच्या तारखेचा एक रकाना आहे. तो त्यांनी स्वतः पट्टीने आखला आहे.