स्लम्प १५० आला, मग?

तर मंडळी, आमच्या घराच्या स्लॅबच्या दिवशी सकाळी स्लम्प ८० मिमी आला. म्हणजे ३०० मिमी उंच साचा उचलल्यावर काँक्रीट ८० मिमी खाली बसलं. अशा स्लॅबला ५० ते १०० चालतो. दुपारी मात्र आकडा थेट १५०! पाण्याच्या बादल्या तेवढ्याच होत्या, पण मधे सर येऊन वाळू भिजली होती. ते पाणी कुणी धरलंच नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "दादा, माल मस्त पसरतोय." पसरणारच हो, पण जास्तीच्या पाण्याने ताकद घटते ना! तो माल स्लॅबवर जाऊ दिला नाही. पुढच्यात पाणी कमी केलं, स्लम्प ९०. आणि हो, ढीग एका बाजूने घसरला, तर तो आकडा धरायचा नाही, टेस्ट परत घ्यायची. पुन्हा घसरला तर मालात चिकटपणाच कमी आहे.