घरातील शिलाईची खोली आणि विजेचा दर

घराच्या एखाद्या खोलीत शिलाईचे यंत्र येते ते बहुधा गाजावाजा न करता. आरंभी घरच्यांचे कपडे, मग शेजारणीचा ब्लाऊज, मग लग्नसराईतली फॉल-पिकोची कामे, असे करता करता दारावर लहानशी पाटी लागते. घर तेच, मीटर तोच आणि तारही तीच असते. परंतु विजेच्या बिलावर 'घरगुती' हा शब्द छापलेला असतो आणि खोलीत आता चार पैशांचा व्यवसाय चाललेला असतो. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न त्या घराला आज ना उद्या पडतोच.

अशा वेळी दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, तपासनीस आला की यंत्रावर चादर टाकावी. दुसरा म्हणतो, आपण होऊनच व्यापारी दर मागून घ्यावा, म्हणजे भय नको. पहिला सल्ला घराला संकटात टाकणारा आहे. दुसरा, निदान महाराष्ट्रात तरी, पुष्कळदा विनाकारण खर्चात टाकणारा आहे. दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी दर-आदेशातील एक कलम वाचलेले नसते.

विजेचे दर वीज कंपनी आपल्या मर्जीने ठरवीत नाही. २००३ च्या विद्युत अधिनियमाप्रमाणे ते प्रत्येक राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो, आणि कोणता ग्राहक कोणत्या वर्गात बसतो हेही त्याच आदेशात लिहिलेले असते. महाराष्ट्र आयोगाच्या आदेशात शिंप्याची दुकाने लघुदाबाच्या बिगर-निवासी वर्गात घातलेली आहेत. व्यवहारात ज्याला व्यापारी दर म्हणतात तो हाच. त्याचा प्रतियुनिट दर घरगुती वापराच्या सर्वांत खालच्या टप्प्याहून चढा असतो आणि दरमहाचा स्थिर आकार तर कितीतरी अधिक असतो. एवढेच वाचून थांबले तर दुसरा सल्ला खरा वाटेल.

परंतु त्याच आदेशात घरगुती वर्गाच्या व्याख्येत आणखी एक तरतूद आहे. आयोगाच्या २०१६ च्या आदेशात ती आहे आणि २०२० च्या आदेशातही आहे. तिचा आशय असा: जो ग्राहक आपल्या राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करतो, आणि ज्याचा वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत व मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत आहे, त्याला घरगुती दरच लागू होईल. ही पात्रता प्रत्येक आर्थिक वर्षाच्या अखेरीस पाहावयाची आहे. वर्षाचा वापर ३,६०० च्या वर गेला, तर त्यापुढे दर बदलेल आणि तोही ग्राहकाला आगाऊ कळवून. खोलीत यंत्र आहे की नाही, हा येथे निर्णायक प्रश्न नव्हे. सबंध घराच्या मीटरवर वर्षाकाठी किती युनिटे पडली, हा निर्णायक प्रश्न आहे.

या कलमातील 'घराच्या काही भागात' हे शब्द मात्र महत्त्वाचे आहेत. कुटुंब दुसरीकडे राहावयास गेले आणि सबंध घराचा कारखाना झाला, किंवा बाजारात गाळा भाड्याने घेतला, तर युनिटे कितीही कमी असोत, ही सवलत तेथे लागू होत नाही.

आता एक उदाहरण हिशेबाने पाहू. समजा, एका तालुक्याच्या गावी एक गृहिणी पुढच्या खोलीत शिलाई करते. पंखे, दिवे, शीतकपाट, दूरदर्शन संच मिळून घराचा वापर महिन्याला १५० युनिटे आहे. तिच्या यंत्राची मोटार १०० वॅटची. रोज आठ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस ती अखंड चालली असे धरले, तरी २० युनिटे होतात. ७५० वॅटची इस्त्री रोज प्रत्यक्ष दीड तास वीज घेते असे धरले, तर सुमारे २८ युनिटे. खोलीतला पंखा व दिवा मिळून १९. म्हणजे व्यवसायाची वीज ६७ युनिटे, आणि घर धरून एकूण २१७. वर्षाची बेरीज २,६०४ भरते. ३,६०० ची मर्यादा अजून बरीच दूर आहे. या हिशेबात यंत्रापेक्षा इस्त्री अधिक वीज खाते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या बाईंनी वर्ग बदलून मागण्याचे कारण नाही. त्यांनी करावयाचे ते एवढेच की, उपविभागीय कार्यालयाला एक साधे पत्र द्यावे. राहत्या घराच्या एका खोलीत शिलाईचे काम चालते, जोडलेली उपकरणे अमुक, मागील आर्थिक वर्षाचा वापर अमुक युनिटे, तरी दर-आदेशातील तरतुदीप्रमाणे घरगुती वर्ग कायम राहावा, असा मजकूर त्यात असावा. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. वापर लपविला नव्हता, याचा हा कागद पुढे पुरावा होतो.

असे पत्र न देता वर्ष निघून गेले, आणि एके दिवशी मीटर पाहावयास आलेल्या माणसाने यंत्र पाहिले, तर काय होते? पुष्कळदा काहीच सांगितले जात नाही. पुढच्या बिलात ग्राहक क्रमांकाच्या आसपास जो दर-संकेत छापलेला असतो, तेथे एल. टी. १ च्या जागी एल. टी. २ येते आणि रक्कम फुगते. म्हणून बिल हाती येताच रकमेच्या आधी हा संकेत पाहावा. तो बदललेला दिसला, तर मागील आर्थिक वर्षाची, म्हणजे एप्रिल ते मार्चची, बारा बिले जमवावी, युनिटांची बेरीज करावी आणि लेखी अर्ज द्यावा. अर्जात दोन मागण्या स्पष्ट असाव्यात: वर्ग पूर्ववत घरगुती करावा, आणि बदल झाल्या दिवसापासून जादा घेतलेली रक्कम पुढील बिलांत वळती करावी. घरात स्वयंपाकघर आहे, कुटुंब राहते आणि शिलाई एकाच खोलीत चालते, हे दाखविणारा साधा हाती काढलेला नकाशा जोडला तर उत्तम. जागेची पाहणी झाली असल्यास तपासणी अहवालाची प्रत मागावी. तीत 'दुकान' एवढाच शब्द लिहिला असेल, तर 'राहत्या घरातील एक खोली' ही दुरुस्ती तेव्हाच मागावी. पुढचा सारा वाद त्या एका शब्दावर फिरतो.

कार्यालयाने दाद दिली नाही, तर त्याच अधिनियमाच्या ४२ व्या कलमाखाली स्थापलेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे तक्रार करावी लागते. मंचाच्या निर्णयानेही समाधान झाले नाही, तर विद्युत लोकपालाकडे जाता येते. तेथे वकील लावलाच पाहिजे असे नाही. बारा बिले आणि पोच असलेले अर्ज नीट लावलेले असले, की निम्मे काम झाले.

परंतु हाती आलेला कागद साध्या बिलाचा नसून 'कलम १२६ खालील तात्पुरत्या आकारणीचा आदेश' असेल, तर वाट निराळी आहे. हे कलम विजेच्या अनधिकृत वापराचे आहे. ज्या हेतूसाठी वीज मंजूर झाली त्याहून अन्य हेतूसाठी ती वापरली, असा आरोप त्यात असतो. आकारणी लागू वर्गाच्या दराच्या दुप्पट होते. असा वापर केव्हापासून चालला हे ठरविता आले नाही, तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांची धरतात. शिलाईच्या लहानशा मिळकतीला हा मोठाच फटका.

येथे दोन चुका फार घडतात. पहिली म्हणजे आदेश घेऊन गाऱ्हाणे मंचाकडे जाणे. कलम १२६ ची प्रकरणे मंच घेत नाही, आणि या फेऱ्यांत हरकतीचे दिवस निघून जातात. दुसरी चूक म्हणजे भीतीपोटी ताबडतोब पैसे भरणे. आकारणी मान्य करून सात दिवसांत रक्कम भरण्याची सोय कायद्यात आहे. पण ती मान्य करणाऱ्यासाठी आहे. ज्याला हरकत घ्यावयाची आहे, त्याने विनाविलंब आकारणी अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि सुनावणी मागावी. उदाहरणातील बाईंची हरकत सरळ आहे: दर-आदेशानेच घरगुती वर्गात असा व्यवसाय बसविला आहे, वर्षाचा वापर २,६०४ युनिटे आहे, मग वापर अनधिकृत कसा? अंतिम आदेश विरुद्ध गेला, तर कलम १२७ खाली तीस दिवसांत अपील करता येते. मात्र त्याआधी आकारलेल्या रकमेपैकी निम्मी भरावी लागते. म्हणून पहिल्या हरकतीतच सारे पुरावे घालणे शहाणपणाचे.

आता व्यवसाय वाढला असे धरू. दोन मदतनीस आल्या, कारखानी धाटणीची दोन यंत्रे आली. त्यांच्या क्लच मोटारी शिवण थांबली तरी फिरतच राहतात. त्या सरासरी अडीचशे वॅट घेतात असे धरले, तर दोहोंची महिन्याची १०० युनिटे झाली. जुन्या इस्त्रीच्या जागी १,००० वॅटची आली आणि रोज तीन तास तापली, तर तिची ७५. एकूण आकडा ३६४ वर जातो आणि वर्षाचा ४,३६८ वर. क्लच मोटारीऐवजी सर्व्हो मोटार बसविली, तर ती शिवतानाच वीज घेते. तेवढ्याने आकडा तीनशेच्या आसपास उतरेलही, परंतु उन्हाळ्यात पंखे वाढले की तो पुन्हा वर जाईल. येथे मात्र वर्ग खरोखरच बदलावयास हवा.

त्यातही सबंध घर चढ्या दरात जाऊ देण्यापेक्षा, त्या खोलीसाठी बिगर-निवासी वर्गाची स्वतंत्र जोडणी मागणे बहुधा हिताचे ठरते. त्यासाठी खोली स्वतंत्र आणि तिची वायरिंग घरापासून पूर्ण तोडलेली असावी लागते. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. पुढे कधी घरच्या मीटरवरून एखादी तार त्या खोलीत आली, तर तोच कलम १२६ चा प्रसंग पुन्हा ओढवतो.

महाराष्ट्राबाहेरील श्रोत्यांनी तीनशेचा आकडा आपल्या राज्याला लावू नये. प्रत्येक आयोगाचा आदेश स्वतंत्र असतो. त्यातील घरगुती वर्गाची व्याख्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. महाराष्ट्रातही नवा दर-आदेश निघाला की हे कलम आहे तसेच आहे ना, हे पाहावे. आणि दरवर्षी मार्चचे बिल आले, की बारा आकड्यांची बेरीज करून ती कागदावर लिहून ठेवावी. बेरीज ३,६०० च्या आत असेल तर तो कागद जुन्या पत्राच्या पोचेला जोडावा; तिच्या जवळ जाऊ लागली असेल, तर स्वतंत्र मीटरचा अर्ज त्याच एप्रिलमध्ये करावा.